कपॅसिटर ९ व्होल्टपर्यंत चढतच नाही? आरसी चार्जिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

बारावी आणि डिप्लोमाच्या लॅबमध्ये दरवर्षी एखादा तरी गट माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "सर, कपॅसिटर खराब आहे, दुसरा द्या." बहुतेक वेळा कपॅसिटर चांगला असतो. सूत्रही त्यांना पाठ असतं. बिघडलेलं असतं ते सर्किट, कारण वहीतल्या आकृतीत जे दाखवलेलं नसतं असं काहीतरी टेबलावर जोडलेलं असतं.

परवाचंच घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, १ मेगाओहमचा रेझिस्टर, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मेगा गुणिले मायक्रो म्हणजे थेट सेकंद, म्हणून टाइम कॉन्स्टंट ४७ सेकंद. (किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड केलं तर उत्तर मिलिसेकंदात येतं; हे एकदा डोक्यात बसलं की शून्यांचा घोळ निम्मा संपतो.) सूत्र हे:

```
V = V0 * (1 - e^(-t/RC))
```

४७ सेकंदांना ९ व्होल्टच्या ६३.२ टक्के, म्हणजे ५.६९ व्होल्ट दिसायला हवेत. पोरांना दिसले ३.९. पाच मिनिटं थांबले तरी मीटर ४.५ च्या पुढे सरकेना. मग एकाने डोकं लावलं: शेवटचं व्होल्टेज ४.५, त्याचे ६३ टक्के २.८४, ते साधारण २३ सेकंदांना आलं, म्हणजे कपॅसिटर ४७ चा नाही, २३ चाच आहे. गणित चोख, निष्कर्ष चुकीचा.

गुन्हेगार होता मल्टिमीटर. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरचा डीसी व्होल्टच्या रेंजवरचा आतला रोध बऱ्याचदा १ मेगाओहमच असतो. तो कपॅसिटरला समांतर जोडला की बॅटरीसमोर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ येतात आणि व्होल्टेज निम्म्यावर अडकतं. टाइम कॉन्स्टंटही बदलतो, कारण कपॅसिटरच्या दृष्टीने हे दोन्ही रोध समांतर आहेत: अर्धा मेगाओहम गुणिले ४७ म्हणजे २३.५ सेकंद. आकडे तंतोतंत जुळतात, म्हणूनच फसायला होतं. १० मेगाओहमच्या चांगल्या मीटरनेही या सर्किटमध्ये ९ च्या जागी ८.१८ व्होल्टच दिसतील.

आपल्या मीटरचा आतला रोध किती, हे एका मिनिटात कळतं. बॅटरीच्या आणि मीटरच्या मध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर घाला. साडेचारच्या आसपास वाचन आलं तर मीटर १ मेगाओहमचा, आठच्या थोडं वर आलं तर १० चा.

पण शेवटचं व्होल्टेज कमी राहण्याचं दुसरंही एक कारण असतं: कपॅसिटरची गळती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडा करंट सतत झिरपत असतो, आणि वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्यातून जास्तच. दोष मीटरचा की गळतीचा, हे ओळखायला मीटर काढून ठेवा. चार मिनिटं, म्हणजे पाच टाइम कॉन्स्टंट, कपॅसिटर एकटाच चार्ज होऊ द्या आणि मग मीटरच्या पिना टेकवा. पहिलं वाचन नऊच्या जवळ आलं आणि मग आकडा हळूहळू घसरत ४.५ वर आला, तर दोष मीटरचा. पहिलंच वाचन कमी आलं तर कपॅसिटर गळतोय. उलटा जोडला नाहीये ना, हेही तेव्हाच बघा. उणेची पट्टी बॅटरीच्या उणे बाजूलाच हवी.

उपाय सोपा आहे: रेझिस्टर लहान करा, कपॅसिटर मोठा करा. ४७ किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड घेतले तरी टाइम कॉन्स्टंट ४७ सेकंदच राहतो, पण आता तोच स्वस्त मीटर लावूनही व्होल्टेज ८.६ पर्यंत चढतं. मोठ्या कपॅसिटरची गळतीही मोठी असते, तेवढं ध्यानात ठेवा: ५ मायक्रोअँपिअर गळती असली तर ४७ किलोओहमवर पाव व्होल्ट जातो.

आता ठरलेल्या क्षणाचं वाचन. समजा ३० सेकंदांचं व्होल्टेज हवंय. ३० भागिले ४७ म्हणजे ०.६३८, e चा उणे ०.६३८ घात ०.५२८, एकातून वजा केला की ०.४७२, गुणिले ९ म्हणजे ४.२५ व्होल्ट. इथे एकातून वजा करायचं विसरलात तर ४.७५ येतं. हे उत्तर इतकं जवळचं दिसतं की कुणाला शंकाही येत नाही. त्रैराशिक मांडून (४७ ला ६३ टक्के, मग ३० ला किती?) ३.६३ काढणारेही भेटतात. चार्जिंगचा वक्र सुरुवातीला जास्त चढा असतो, त्यामुळे त्रैराशिकाचं उत्तर इथे कमीच येणार.

टेबलावर मात्र सगळ्यात जास्त घोटाळा सुरुवातीच्या व्होल्टेजचा होतो. मागच्या गटाने वापरलेला कपॅसिटर तसाच उचलला आणि त्यात ०.६ व्होल्ट शिल्लक असले, तर ३० सेकंदांना ४.२५ ऐवजी ४.५६ दिसेल. वायरने क्षणभर शॉर्ट करून भागत नाही. ठिणगी उडते, आणि सोडल्यावर थोडं व्होल्टेज परत वर येतं. १ किलोओहमचा रेझिस्टर दहा-पंधरा सेकंद दोन्ही पायांना धरून ठेवा, काढा, मीटरवर शून्य आहे का बघा आणि मगच स्विच दाबा. बॅटरीवर ९ लिहिलंय म्हणून ९ धरू नका. नवी असेल तर साडेनऊ देते, जुनी आठ. मोजा आणि तोच आकडा सूत्रात घाला.

मग घड्याळ. ३० सेकंदांच्या सुमारास व्होल्टेज सेकंदाला ०.१ व्होल्ट वाढत असतं. एकाने "तीस!" ओरडायचं, दुसऱ्याने मान वळवून आकडा वाचायचा, यात एक सेकंद सहज जातो. त्यापेक्षा मीटर आणि मोबाइलचं स्टॉपवॉच शेजारी ठेवून दुसऱ्या मोबाइलने दोन्ही एकाच चौकटीत शूट करा. हवा त्या क्षणी व्हिडिओ थांबवून वाचा.

एवढं करूनही ४.२५ आलं नाही तर जर्नलमध्ये आकडा रेटून बसवू नका. इलेक्ट्रोलिटिकची किंमत वीस टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचंच आहे. १००० चा कपॅसिटर ८०० चा निघाला तर ३० सेकंदांना ४.९५ येतील, १२०० चा निघाला तर ३.७१. आधी टाइम कॉन्स्टंट मोजा, मग भाकीत करा. १० मेगाओहमचा मीटर घेतलेल्या एका गटाचं व्होल्टेज ८.९६ वर स्थिरावलं. त्याचे ६३.२ टक्के म्हणजे ५.६६, आणि व्हिडिओत ते ५२ सेकंदांना सापडले. म्हणजे कपॅसिटर साधारण ११०० चा. ५२ घालून ३० सेकंदांचं उत्तर काढलं तर ३.९३ आलं. व्हिडिओ मागे नेऊन तिसाव्या सेकंदाला थांबवला, तेव्हा मीटरवर ३.९ होतं.