खड्ड्यात आदळलेलं लो-प्रोफाइल टायर : या चुका टाळा

गाडी खड्ड्यात आपटली, धाडकन आवाज आला, उतरून पाहिलं तर टायर धडधाकट. हवा आहे, रबर कुठे फाटलेलं नाही, रिमच्या कडेला फक्त बारीक ओरखडा. अशा वेळी बहुतेक जण पुढे निघतात. लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची बाजू असलेल्या, टायरच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण रबर बाहेरून शाबूत राहून आतले धागे तुटलेले असू शकतात.

टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, रबराच्या बळावर हवा पेलत नाही. रबराच्या आत बारीक, बहुधा पॉलिएस्टरचे, धागे एका बीडपासून, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेपासून, दुसऱ्या बीडपर्यंत शेजारी-शेजारी बसवलेले असतात. ताण घेतात ते धागे. रबराचं काम त्यांना एकत्र धरून ठेवण्याचं. चाक खड्ड्याच्या धारेवर आपटलं की ती धार टायर आत दाबते आणि साइडवॉल रिमची कड आणि ती धार यांच्यात चिमटीत सापडते. रबर चेपून परत उसळतं, पण ताठ धागे त्या चिमटीत तुटतात.

लो-प्रोफाइलमध्ये हे सहज का होतं, ते आकड्यांवरून दिसतं. १९५/६५ आर १५ आणि २२५/४५ आर १७ या दोन टायरचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६३४ मिलिमीटर. पण पहिल्याची साइडवॉल सुमारे १२७ मिलिमीटर उंच आहे आणि दुसऱ्याची १०१. ही उंची रिमवर बीड बसतं तिथून मोजतात, त्यामुळे त्यातले सुमारे १७ मिलिमीटर रिमच्या उभ्या कडेआडच जातात. उभ्या गाडीच्या वजनानेही टायर दोन-अडीच सेंटीमीटर दबलेलं असतं. म्हणजे ४५च्या टायरमध्ये रिमची कड आणि रस्ता यांच्यात जेमतेम सहा सेंटीमीटर उरतात, आणि ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराची, जाडीही त्यातच आली. त्यात हवा कमी असेल तर चिमटा बसायला मोठा खड्डा लागत नाही.

हवा टिकली म्हणजे टायर ठीक, असं धरू नका

हवा अडवणारं अस्तर वेगळं असतं आणि ताण पेलणारे धागे वेगळे. धागे तुटले तरी अस्तर अखंड राहू शकतं, मग हवा जराही उतरत नाही. डॅशबोर्डवरचा टायर प्रेशरचा दिवा दाबाबद्दल सांगतो, धाग्यांबद्दल नाही. स्टिअरिंग थरथरत नाही हाही पुरावा धरू नये. दोन-चार धागे तुटल्याने सुरुवातीला चाकाचा तोल फारसा बिघडत नाही.

एकदाच पाहून सोडून देऊ नका

फुगवटा काही वेळा लगेच येतो, काही वेळा दिवस किंवा आठवडे घेतो. याचं कारण सरळ आहे. ६३४ मिलिमीटर व्यासाचं चाक किलोमीटरला सुमारे ५०० फेरे घेतं. शंभर किलोमीटरच्या प्रवासात ती दुखावलेली जागा पन्नास हजार वेळा दबते आणि सुटते. तुटलेल्या धाग्यांचा भार शेजारच्यांवर येतो, तेही एकेक करून सुटतात, मधलं रबर तापतं आणि धाग्यांपासून विलग होतं. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलोचा रेटा. पाच बाय तीन सेंटीमीटरच्या तुकड्यावर तो जवळपास ३५ किलो भरतो. तेवढा भार नुसतं रबर फार काळ थोपवू शकत नाही, म्हणून तिथे गोळा येतो.

त्यामुळे आदळल्यानंतर त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पुढचा महिनाभर दर आठवड्याला तेच टायर बघा. फक्त बाहेरची बाजू पाहून भागत नाही. फुगवटा गाडीच्या आतल्या अंगालाही येतो आणि उभ्याने तो दिसत नाही. पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारा. मागच्या चाकासाठी गाडी लिफ्टवर घ्या किंवा चाक काढा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. साइडवॉलवर आत गेलेली उभी, उथळ खोबण दिसली तर घाबरू नका. रेडियल टायरमध्ये धाग्यांच्या थराचा जोड जिथे एकावर एक येतो, तिथे अशी खोबण पडते आणि टायर नवीन असतानाही ती असू शकते. बाहेर आलेला उंचवटा मात्र वेगळा. हाताला तो लागला, मग सुपारीएवढा का असेना, टायर बाद समजा.

टायर उतरवण्याआधी खूण करायला विसरू नका

जोराचा दणका बसला असेल, रिमची कड वाकली असेल किंवा हवा हळूहळू उतरत असेल, तर टायर रिमवरून उतरवून आतून पाहावंच लागतं. इथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी हवा भरलेली असतानाच दोन्ही बाजूंवर तळहात फिरवा, कारण हवा काढली की छोटा फुगवटा बसून जातो. मग रिमवर ओरखडा किंवा वाक असेल, त्याच्या समोर टायरवर खडूने रेघ ओढा. टायर एकदा सुटलं की मार नेमका कुठे बसला ते कळायला दुसरा आधार राहत नाही, आणि कारागीर नुसती नजर फिरवून «आत काही नाही» म्हणून मोकळा होतो.

उदाहरण म्हणून २२५/४५ आर १७चं टायर घ्या. गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे ३३ पीएसआय हवा हवी, पण आत २६च होती. पुढचं डावं चाक खड्ड्याच्या धारेवर आपटलं. रिमच्या बाहेरच्या कडेला बोटभर लांबीचा वाक आला, टायरवर काही नाही. खडूच्या रेघेपाशी बीड फाकवून टॉर्च तिरका धरला तर आतल्या अस्तरावर घडी पडल्यासारखी रेघ दिसते. अनेकदा तशा दोन समांतर रेघा असतात, एक रिमच्या बाजूला, एक ट्रेडच्या बाजूला. चिमट्याच्या दोन ओठांच्या त्या खुणा. मग अंगठा आणि बोटं यांच्यात ती जागा धरून वाकवा. शेजारच्या भागापेक्षा ती लुळी लागते आणि रेघ उघडली तर धाग्यांची तुटकी टोकं दिसतात. अस्तर चिरलं असेल, तर त्या फटीतून हवा धाग्यांच्या थरात शिरून थर सुटे करते.

या तपासणीलाही मर्यादा आहे. काही वेळा अस्तरावर खूणच नसते. आतून स्वच्छ दिसलेलं टायर परत बसवलं तरी महिनाभराची पाहणी चुकवू नये.

चुकीचा इलाज करू नका

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दणक्यानंतर करून घ्यावीच, पण त्याने धागे जुळत नाहीत. पॅच हवा अडवतो, ताण पेलत नाही, म्हणून साइडवॉलवरचा पॅच किंवा आत टाकलेली ट्यूब हा इलाज होत नाही. फुगवट्याला सुई तर कधीच टोचू नका. असं टायर मागच्या चाकाला लावणं हीही पळवाट आहे. वेगात मागचं टायर फुटलं तर गाडी भोवऱ्यासारखी फिरू शकते. स्टेपनीत ठेवलं तर ते नेमकं भरल्या गाडीत, लांबच्या प्रवासात बाहेर निघतं.

फुगवटा प्रवासात दिसला तर गाडी थांबवून स्टेपनी लावा. बदललेलं टायर दुकानात तसंच सोडू नका. साइडवॉलला आडवा छेद देऊनच द्या, म्हणजे ते जुन्या टायरच्या ढिगातून दुसऱ्याच्या गाडीला चढणार नाही.