शाळेत शी रोखून धरणारं मूल: या चुका टाळा

"शाळेत अधूनमधून जुलाब होतात, चड्डी खराब होते, काहीतरी औषध द्या" असं म्हणत पालक आले की मी आधी एकच विचारते: तो शाळेत संडासला जातो का? "छे, तिथला संडास किती घाण असतो! तो घरी आल्यावरच जातो." हे उत्तर जरा कौतुकानेच दिलं जातं. मग पुढचा अर्धा तास मला हेच समजावण्यात घालवावा लागतो की ज्याला ते जुलाब म्हणतायत ती बद्धकोष्ठता आहे.

चड्डीला लागलेलं पातळ म्हणजे जुलाब, असं धरून चालणं

ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की आता चिडचिड होते. शी रोखली की ती मोठ्या आतड्यात पडून राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं आणि गोळा घट्ट होत जातो. घट्ट शी करताना दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी रोखतं. काही आठवड्यांत गुदाशय सैल मोज्याच्या इलॅस्टिकसारखा ताणला जातो, आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग वरच्या भागातली पातळ शी त्या गोळ्याच्या कडेने झिरपून चड्डीत येते, आणि मुलाला ती आलेली कळतही नाही. "तुला वास येत नाही का?" म्हणून त्याला रागावणं निव्वळ अन्याय आहे.

आठ वर्षांचा, २४ किलो वजनाचा एक मुलगा असाच आला होता. शेवटच्या तासाला चड्डी खराब व्हायची आणि बाकावरची मुलं सरकून बसायची. घरच्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने जुलाब थांबवायचं औषध दिलं होतं, म्हणजे आधीच तुंबलेल्या आतड्याची हालचाल आणखी मंद केली. पोट तपासलं तर खाली डावीकडे कडक गोळा हाताला लागत होता. आईला विचारलं, मोठी शी किती दिवसांनी होते? पाच-सहा दिवसांनी, आणि इतकी जाड की फ्लशने जात नाही. निदान तिथेच झालं.

आधी साठलेलं काढावं लागतं. त्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात मिसळून देतात, वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. याच्यासाठी ते रोज २४ ते ३६ ग्रॅम झालं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. या दिवसांत गळती वाढते, म्हणून हे सुट्टीत करावं. नंतर रोज मऊ शी व्हावी इतका कमी डोस चालू ठेवायचा.

पोट साफ झालं, सुट्टीभर मुलगा ठणठणीत होता. शाळा सुरू झाल्यावर दोनच आठवड्यांत चड्डी पुन्हा खराब. आई म्हणाली, औषध कमी पडतंय. मी मुलाला एकट्याला विचारलं. तो बराच वेळ बुटाची लेस ओढत बसला आणि मग म्हणाला, "आतली कडी तुटलीये. एका हाताने दार धरून ठेवावं लागतं." शिवाय मधल्या सुट्टीत मुलं दाराखालून वाकून बघायची. दुसऱ्या हाताने पाणी घेऊन स्वच्छता कशी करायची, हे एखाद्या मोठ्या माणसाने करून दाखवावं!

"मधल्या सुट्टीतच जा" हा नियम

शिस्त म्हणून ठीक वाटतो, पण आतडं घंटेवर चालत नाही. खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि साधारण अर्ध्या तासात शी यायची शक्यता जास्त असते. मधल्या सुट्टीत डबा खाल्ला की जोर नेमका पुढच्या तासाला येतो. तेव्हा हात वर करून, चाळीस मुलांसमोर "बाई, जाऊ का?" विचारायचं, आणि उत्तर मिळायचं "आत्ताच तर सुट्टी झाली ना?" दोनदा असं झालं की मूल विचारणं सोडून देतं.

त्या मुलासाठी आम्ही वर्गशिक्षिकेशी बोललो. बोलणी सोपी झाली, कारण मागणी छोटी होती. बाकावर एक रंगीत कार्ड ठेवायचं. मधल्या सुट्टीनंतर तास सुरू झाला, बाहेर सामसूम झाली, की त्याने कार्ड टेबलावर ठेवून जायचं, न विचारता, आणि शी येवो न येवो, पाच ते दहा मिनिटं बसायचं. कुणी "झाली का?" विचारायचं नाही. शाळेने एका संडासाला नवी कडी बसवली आणि सफाईची एक फेरी सकाळऐवजी मधल्या सुट्टीनंतर लगेच ठेवली. सकाळी शाळा भरण्याआधी घासलेला संडास सुट्टीतल्या गर्दीनंतर कोणत्या अवस्थेत असतो, हे पाहायला कुणी जात नाही. दप्तरात एक छोटी पिशवी दिली: टिश्यू, कागदी साबण, जादा चड्डी आणि खराब चड्डीसाठी बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. पहिले काही दिवस तो नुसताच बसून आला. मग जमायला लागलं.

"सीटला टेकू नकोस" ही शिकवण

अर्धवट उभं राहून, मांड्या ताणून बसलं की गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैलच होत नाहीत, शी अर्धी आतच राहते. सीटला मांड्या लागून सहसा काही होत नाही. रोग पसरतात ते हातांमधून, त्यामुळे भांडायचं असेल तर साबणासाठी भांडा. सीट पुसून, कागद घालून नीट टेकून बसायला शिकवा. कमोड उंच असेल तर पाय लोंबकळता कामा नयेत, पायाखाली ठोकळा हवा. बैठकीचा संडास असेल आणि घरी कमोडच वापरत असाल, तर उकिडवं बसण्याची सवय घरीच करा.

बाकीच्या चुका

शाळेत संडास-लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुलाला कुणी हटकत नाही. शी घट्ट होतेच, लघवीही रोखली जाते आणि लघवीचा संसर्ग होऊ शकतो.

पायांची कात्री करून, टाचा उचलून, कोपऱ्यात ताठ उभं राहिलेलं मूल शी करायला जोर लावत नसतं. ते ती आत ढकलत असतं.

बक्षीस द्यायचं तर बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नको.

आणि आठवड्यात औषध बंद करणारे पालक! "सवय लागेल" ही भीती या पावडरीबाबत निराधार आहे. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. औषध किमान दोन महिने चालतं, आणि सगळी लक्षणं जाऊन महिना झाल्यावरच हळूहळू कमी करतात. लवकर सोडलं की तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

जन्मल्यावर पहिली शी ४८ तासांनंतर झालेली असेल, पोट फुगत असेल, उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल किंवा पायात अशक्तपणा असेल, तर शाळेच्या संडासावर खापर न फोडता लगेच डॉक्टरांकडे जा.

शाळेत गेलात तर "संडास स्वच्छ असतात ना?" असं विचारू नका, उत्तर "हो" येणार. मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटांनी पाहायची परवानगी मागा. आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पाण्याचा मग मुलाच्या हाताला पुरतो का, साबण आहे का, दाराखालून किती दिसतं, एवढं बघा आणि यातलं जे नाही ते लेखी मागा.