फोटो बघून पहिला मेसेज पाठवताय? या चुका टाळा

डेटिंग ॲपवर मॅच झाली की निम्मे लोक 'हाय' पाठवतात. उरलेल्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की फोटोतल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला, म्हणून ते तसं बोलायला जातात. सल्ला बरोबरच आहे. पण तो पाळताना ज्या चुका होतात त्या मी आता इतक्या वेळा पाहिल्यात, माझ्या इनबॉक्समध्ये आणि मैत्रिणींच्याही, की एकदा नीट लिहूनच काढते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साचा. एक वाक्य तयार ठेवायचं आणि त्यात फक्त वस्तूचं नाव बदलायचं. माझ्या रूममेटला आणि मला एकाच मुलाचा मेसेज आला होता, काही तासांच्या अंतराने. माझ्या फोटोत सायकल होती. मला आलं, 'तुझ्या फोटोतली ती सायकल खूप बोलकी आहे, तिच्यामागे नक्की काहीतरी गोष्ट असणार.' रूममेट ढोलपथकात वाजवते, तिचा कमरेला ढोल बांधलेला फोटो आहे. तिला आलं, 'तुझ्या फोटोतली ती ढोल खूप बोलकी आहे, तिच्यामागे नक्की काहीतरी गोष्ट असणार.' ढोल कधीपासून 'ती' झाला? सायकल काढून ढोल बसवला, पण आजूबाजूचं वाक्य सायकलचंच राहिलं. मराठीत साचा वापरणारा माणूस असा लगेच पकडला जातो, कारण नाम बदललं की अख्खं वाक्य बदलावं लागतं. पण समजा त्याने ते 'तो ढोल' असं सुधारलं असतं, तरी मेसेज मेलेलाच होता. 'त्यामागची गोष्ट काय' हा प्रश्न सायकलला चालतो, ढोलाला चालतो, कुत्र्याला चालतो, चहाच्या कपालाही चालतो. जो प्रश्न सगळ्यांना चालतो तो विचारायला फोटो बघावाच लागत नाही, आणि समोरच्या मुलीला ते पहिल्या ओळीतच कळतं. शिवाय 'गोष्ट सांग' म्हणजे तिच्या गळ्यात निबंध मारणं. अनोळखी माणसाला बसमध्ये उभ्या उभ्या कोण गोष्ट सांगत बसेल?

त्याच ढोलाच्या फोटोवर तिला आणखी एका मुलाने लिहिलं होतं, 'डाव्या हाताच्या तीन बोटांना टेप दिसतेय. सरावातच सोलवटली की थेट मिरवणुकीत?' ढोल एका बाजूला टिपरूने आणि दुसऱ्या बाजूला हाताच्या थापेने वाजवतात. थापेच्या हाताची कातडी निघते, म्हणून वादक बोटांना टेप गुंडाळतात. त्या मुलाला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. पण त्याने फोटो मोठा करून बघितला होता आणि विचारलेला प्रश्न दोन शब्दांत उत्तर देता येईल असा होता. रूममेटने उभ्याउभ्या उत्तर दिलं, 'सरावात. पहिल्याच आठवड्यात.' पुढचं बोलणं त्यातूनच सुरू झालं.

इथे मुद्दा एवढाच आहे की ढोल सगळ्यांनाच दिसतो. त्या फोटोवर येणाऱ्या दहा मेसेजपैकी नऊ ढोलाबद्दलच असणार. टेप मात्र थांबून बघणाऱ्यालाच दिसते. माझी सवय अशी आहे की फोटोत पहिलं जे दिसेल ते सोडून द्यायचं आणि दुसरं किंवा तिसरं जे दिसेल ते घ्यायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ज्यांना तेवढंही थांबायचं नसतं ते साचे शोधत बसतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून ॲपला नावं ठेवतात.

दुसरी चूक माझ्या मामेभावाने केली. फोटोत जे ठिकाण आहे त्याची माहिती समोरच्यालाच सांगायची! त्याची मॅच झालेल्या मुलीचा हरिहरच्या पायऱ्यांवरचा फोटो होता. नाशिकजवळचा किल्ला, कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, हात घालायला बाजूला खोबण्या. याने लिहिलं, 'वा, हरिहर! मलाही ट्रेकिंगची प्रचंड आवड. १८१८ साली इंग्रजांनी आसपासच्या किल्ल्यांच्या पायऱ्या उडवल्या, पण हरिहरच्या मात्र ठेवल्या, माहीत आहे का?' जी स्वतः तिथे चढून आलीय तिला हा शाळेचा धडा. तिने साधं विचारलं, 'तू कुठून चढलास, निरगुडपाड्यातून की हर्षेवाडीतून?' हा कधी गेलाच नव्हता. त्याने 'नेहमीच्याच वाटेने' असं काहीतरी ठोकून दिलं आणि विषय तिथेच संपला.

त्याने तो फोटो मला नंतर दाखवला. मुलीचा एक हात खोबणीत होता आणि दुसऱ्या हातात बिस्किटाचा अर्धा फाडलेला पुडा. त्याने तो पाहिलाच नव्हता, कारण किल्ला ओळखल्याच्या आनंदात तो सरळ माहिती शोधायला गेला. मी त्याला म्हटलं, तू जे खरं आहे तेच लिहायचं होतंस. तो कळसूबाईला गेलाय, तिथल्या लोखंडी शिड्यांवर त्याची फाटली होती, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. मग ओळ अशी झाली असती:

'हरिहरच्या पायऱ्यांवर एका हातात बिस्किटाचा पुडा! मी कळसूबाईच्या शिडीवर दोन्ही हात कठड्यावरून काढले नव्हते. पुडा वरपर्यंत पोचला का?'

यात तीन गोष्टी आहेत. मी काय पाहिलं, त्याच्याशी माझा खरा संबंध काय, आणि एका शब्दात उत्तर येईल असा प्रश्न. मधला भाग बहुतेक जण गाळतात. नुसतं निरीक्षण आणि प्रश्न ठेवला तर पोलीस चौकशीसारखं वाटतं. मधे स्वतःचं काहीतरी आलं की समोरच्याला तुमच्याबद्दल विचारायलाही जागा मिळते. मात्र ते खरं हवं. आवड नसताना आवड दाखवलीत तर तुमचा निरगुडपाडा दुसऱ्या मेसेजलाच येतो. कधी गेला नसाल तर तसं लिहा. 'मी अजून गेलो नाही' हे वाक्य 'मलाही प्रचंड आवड' पेक्षा कितीतरी बरं वाचलं जातं.

आता जी चूक करणाऱ्यांना आपण हुशार आहोत असं वाटतं ती. फोटोवरून पत्ता काढणं. माझ्या एका मैत्रिणीचा गॅलरीतला फोटो होता, हातात तुळशीचं रोप. तिला मेसेज आला, 'मागे म्हात्रे पूल दिसतोय, म्हणजे तू एरंडवण्यात राहतेस ना? चौथा मजला?' दोन्ही बरोबर होतं. त्या मुलाला वाटलं असेल की आपण किती बारकाईने पाहिलं. तिने त्याला ब्लॉक केलं आणि फोटोही काढून टाकला. बारकाईने बघा म्हटलं की काही लोक इथे जाऊन पोचतात, म्हणून हा फरक नीट सांगते. फोटोत काही गोष्टी तिने दाखवायला ठेवलेल्या असतात आणि काही चुकून आलेल्या असतात. हातात जे आहे, ताटात जे आहे, मांडीवर जे मांजर आहे ते दाखवायला ठेवलेलं. खिडकीबाहेरचा पूल, सोसायटीचं नाव, स्कूटरचा नंबर, गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीवरचं कंपनीचं नाव हे चुकून आलेलं. चुकून आलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, ओळखलं असलं तरी. त्या फोटोत तुळस समोर होती. 'पुण्याच्या उन्हात तुळस इतकी हिरवी? माझी दर मे महिन्यात वाळते. सावलीत ठेवतेस का?' एवढं पुरे होतं.

फोटोतल्या बाकीच्या माणसांबद्दलही हाच नियम. कडेवरचं बाळ कुणाचं, शेजारचा मुलगा कोण, मैत्रीण सिंगल आहे का, यातलं काहीही पहिल्या मेसेजमध्ये नको. आणि शरीराबद्दल तर नकोच. डोळे, केस, हसू हे कौतुक कितीही सभ्य शब्दांत लिहा, तिला ते त्या दिवशी आधीच बऱ्याच जणांनी लिहिलेलं असतं.

वस्तू नीट ओळखता येत नसेल तर अंदाज ठोकू नका. पखवाजाला तबला म्हटलंत तर वाजवणारीचा तिथेच हिरमोड होतो. 'हे कोणतं वाद्य?' असं सरळ विचारा.

थोडं ॲपचंही बघावं लागतं. हिंजवर तुम्ही एखाद्या ठरावीक फोटोलाच लाइक करून त्याखाली लिहू शकता, त्यामुळे फोटोचं वर्णन पुन्हा करायची गरज नसते. थेट 'पुडा वरपर्यंत पोचला का?' पासून सुरुवात केली तरी कळतं. टिंडरवर मेसेज फोटोपासून सुटून येतो, तिथे 'हरिहरच्या फोटोत' असं म्हणावं लागतं, नाहीतर तिला आपलेच फोटो चाळत बसावं लागतं. आणि फोनच्या नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. तिथे 'हाय, कशी आहेस, तुझं प्रोफाइल पाहिलं' यात जागा घालवलीत तर बिस्किटाचा पुडा तिला दिसतच नाही. नमस्कार नंतर करता येतो.

तू की तुम्ही, यावर फार घोळ घालू नका. विशी-तिशीतल्या माणसांत ॲपवर 'तू' चालतं. संकोच वाटत असेल तर वरच्या बोटांच्या टेपच्या ओळीसारखं लिहा, तिच्यात दोन्ही नाही.

उत्तर आलं की फोटो सोडा. काही जण पहिली ओळ जमली म्हणून खूश होतात आणि लगेच दुसऱ्या फोटोवर जातात, मग तिसऱ्या. तिने 'नाही, अर्ध्यातच माकडाने पळवला' असं लिहिलं तर आता माकडाबद्दल बोला. उत्तर आलं नाही तर दोन प्रश्नचिन्हं पाठवू नका. चांगल्या ओळीलाही पुष्कळदा उत्तर येत नाही. तिने त्या आठवड्यात ॲप उघडलंच नसेल, किंवा तिला बोलायचंच नसेल.

शेवटी काही प्रोफाइल अशी असतात की सहाही फोटो गॉगल घालून आरशासमोरचे. तिथे ओढूनताणून काही शोधू नका, 'भिंतीचा रंग छान आहे' हे कुणालाच खरं वाटत नाही. खाली तिने स्वतः काही लिहिलं असेल तर त्यावर बोला, आणि तेही नसेल तर पुढच्या प्रोफाइलकडे जा.