कमोडच्या सीटचे गंजलेले बोल्ट कापून काढताना

जुनी सीट बदलायला घेतली, तेव्हा बिजागरीचे दोन्ही लोखंडी बोल्ट इतके गंजले होते की खालच्या नटाला पाना लावला की वरचा बोल्टही सोबत फिरत असे आणि त्याच्या डोक्याची खाच झिजल्यामुळे पेचकस ठरत नव्हता. गंज सोडवणारे तेल मी रात्रभर मुरू दिले, सकाळी पुन्हा सोडले. डावा बोल्ट निघाला, उजवा जागचा हलला नाही. अशा वेळी हातोडी मारण्याचा मोह टाळावा, कारण चिनी मातीचे भांडे तडकले तर अख्खे कमोड बदलावे लागते.

मग मी हॅकसॉचे बारीक दातांचे, इंचाला 24 दातांचे पाते चौकटीतून काढून त्याच्या एका टोकाला जाड कापड गुंडाळले. बिजागरी आणि भांडे यांच्यामध्ये रबरी वॉशरची जेमतेम फट होती. तिथे भांड्यावर चिकटपट्टीचे दोन थर लावून पाते आडवे सरकवले. मोकळे पाते ढकलताना वाकते, म्हणून दात स्वतःकडे करून ओढतानाच जोर दिला. पांढरी पूड दिसू लागली तर पाते भांड्याला घासत आहे असे समजावे. माझ्याकडे तपकिरी गंजानंतर चकचकीत कीस पडू लागला, तेव्हा खात्री पटली. शेवटी नट खालून हाताने धरला आणि बोल्टचा तुकडा अलगद खाली उतरवला. नवे बोल्ट मुद्दाम प्लॅस्टिकचे घेतले.