वाफ कुठे विरते ते बघा

कॅमेऱ्यातून धूर ओळखायच्या कामाला कुणी नवीन आलं की मी आधी चाकणच्या एका कारखान्याचं सकाळी सातचं फुटेज लावतो. बॉयलर सुरू झाला की मागच्या शेडमधल्या पाइपातून वाफ सुटायची आणि कंट्रोल रूममध्ये आगीचा अलार्म वाजायचा. चौथ्या दिवशी गार्डकाकांनी स्पीकरची वायरच काढून ठेवली. म्हणाले, "साहेब, चहासुद्धा धड पिऊ देत नाही हे."

माझा पहिला उपाय आळशीपणाचा होता. पाइपाभोवतीचा भाग मास्क केला, म्हणजे तिथलं काही तपासायचंच नाही, आणि अलार्म बंद. आठवड्याने गेलो तर नेमक्या त्याच कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांची थप्पी लागलेली!

मग बसून फुटेज पाहिलं. एकच फ्रेम थांबवून बघितली तर वाफ आणि धूर सारखेच: करडे, कडा नसलेले, मागच्या विटांच्या रेषा पुसट करणारे. जे मला सांगता येत नव्हतं ते एका फ्रेमवर मॉडेल तरी काय सांगणार? व्हिडिओ चालू केला की फरक कळतो. डोळ्यांना दिसणारी वाफ म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, ते थोड्या अंतरावर हवेत विरतात. त्यामुळे लोटाचं वरचं टोक साधारण एकाच उंचीवर घुटमळतं. धूर विरत नाही, पसरतो आणि छपराखाली साठतो. धुळीचं मूळच फोर्कलिफ्टबरोबर सरकतं आणि मग ती खाली बसते.

म्हणून सेकंदाला 2 फ्रेम घेऊन 10 सेकंदांत 20 फ्रेम तपासायला लागलो. त्यातल्या निदान 14 फ्रेममध्ये मॉडेलने धूर म्हटलेला हवा, धुराभोवती त्याने काढलेल्या चौकटीचा तळ जागेवर हवा आणि तिचं क्षेत्रफळ वाढतं हवं. धुळीचे अलार्म जवळजवळ थांबले. वाफेचे मात्र थांबेनात, कारण व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिले काही सेकंद वाफही वाढतच असते. शिवाय डिसेंबरच्या गार सकाळी तिचा लोट मे महिन्यातल्यापेक्षा बराच लांब जातो, म्हणजे उन्हाळ्यात ठरवलेली उंची तेव्हा कामाची नाही. शेवटी फक्त त्या कॅमेऱ्यासाठी तपासायचा काळ 10 वरून 30 सेकंदांचा केला. खरी आग लागली तर 20 सेकंद उशीर होणार, हे सेफ्टी ऑफिसरना सांगून, त्यांची सही घेऊनच.

आणखी एक चूक सांगतो, कारण ती सगळेच करतात. ट्रेनिंग आणि टेस्टसाठी फ्रेम सरसकट पिसल्या, तर एकाच व्हिडिओतल्या शेजारच्या फ्रेम दोन्हीकडे जातात आणि आकडे उगाच सुंदर दिसतात. कॅमेऱ्यानुसार वाटणी करा. अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा एका कॅमेऱ्यावर दिवसाला किती खोटे अलार्म, हे मोजा.

चाचणीला सेफ्टी ऑफिसरसमोर पत्र्याच्या डब्यात ऊद जाळला. पंखा बंद असताना 34 सेकंदांत अलार्म आला. पंखा चालू केला तर धूर आडवा पांगला, वर साठलाच नाही, आणि अलार्म आलाच नाही. त्या शेडमध्ये छतावरचे स्मोक डिटेक्टर आम्ही काढू दिले नाहीत.