एसएलआरचं चक्र आणि माझी फसलेली तोंडी परीक्षा

एनसीसीच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं, ‘गोळी सुटल्यावर ब्रीच ब्लॉक मागे का जातो?’ ब्रीच ब्लॉक म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा. मी ठोकून दिलं, ‘स्फोटाच्या धक्क्याने.’ कळव्याहून ठाण्याला लोकलमध्ये लटकत गाईड घोकली होती, तिचंच हे फळ. गाईडवर भरवसा ठेवू नका. आमचे उस्ताद ओरडायचे फार, पण खडूने फळ्यावर कापलेली रायफल काढायचे तेव्हा सगळं डोळ्यांसमोर उभं राहायचं.

तर एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, ७.६२ मिमीची आपली जुनी रायफल. फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर आपटते, दारू पेटते, गोळी निघते. मी चुकलो ते इथे. या क्षणी ब्रीच ब्लॉक हलतच नाही. त्याची मागची बाजू खाली बसून पोलादी आडीला टेकलेली असते, जणू दाराला कडी लावलेली. नळीत दाब प्रचंड असतो आणि त्याने काडतुसाची पितळी केस फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते. तेव्हाच कडी उघडली, तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे केस ओढणारा आकडा, केसची कड फाडून घेईल आणि केस आतच राहील.

मग कडी उघडते कधी? नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडून पुढे गेली, की मागचा थोडा गॅस त्यातून वर शिरतो आणि पिस्टनला ढकलतो. पिस्टन कॅरियरला, म्हणजे ब्लॉकला मागे-पुढे नेणाऱ्या भागाला, टोला देऊन परत फिरतो. कॅरियर आधी काही मिलिमीटर एकटाच सरकतो, ब्लॉक तसाच कडीत. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते, दाब उतरतो, केस सैल होते. त्यानंतरच कॅरियर ब्लॉकची मागची बाजू उचलतो. ही उसंत समजली की बाकीचं सोपं आहे, घाबरू नका.

एक्स्ट्रॅक्टर केस ओढतो, ती इजेक्टरला अडखळून उजवीकडे उडते. कॅरियर मागे जाताना हॅमर चढवतो आणि स्प्रिंग दाबतो. परत येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये घालतो, कडी बसते. घोडा सोडून पुन्हा दाबल्याशिवाय पुढची गोळी सुटत नाही.

बिघाडाचा प्रश्न आला, तर आधी केस कुठे आहे ते बघा. समजा केस बाहेर पडली, पण चेंबर रिकामं आणि मॅगझिन भरलेलं. म्हणजे कॅरियर केस फेकण्याइतका मागे गेला, पण नव्या काडतुसाच्या मागे पोचला नाही: गॅस कमी पडला. रेग्युलेटर जास्तीचा गॅस बाहेर सोडतो. तो फार उघडा राहिला किंवा पिस्टनवर काजळी साचली, की असं होतं. उलट केस लांब भिरकावली जात असेल आणि खांद्याला जास्त दणका बसत असेल, तर गॅस गरजेपेक्षा जास्त येतोय.