खोलीवरची कॉफी: साहित्य जमवताना या चुका टाळा

सदाशिव पेठेत तिघांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या माझ्या भाच्याने कॉफीच्या साहित्यातला पहिला मोठा खर्च फ्रेंच प्रेसवर, म्हणजे भिजलेली पूड जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायच्या भांड्यावर केला आणि महिनाभर त्याची एकच तक्रार होती, की एकाच घोटात कॉफी आंबटही लागते आणि कडूही. भांडे आधी घेणे हीच मुळात चूक आहे. माझ्या मते चवीत सर्वांत मोठा फरक ताज्या भाजलेल्या बियांनी पडतो, त्यानंतर दळणाने, मग वजनकाट्याने, आणि भांडे त्याही नंतर येते.

बिया घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी, चिकोरी मिसळलेली नाही याची खात्री करावी आणि महिनाभरात संपेल एवढेच पाकीट घ्यावे. ते सामाईक फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण कॉफी शेजारच्या डब्यातल्या लसणाचा वास ओढून घेते.

भाच्याच्या बिया ताज्याच होत्या. दोष दळणात होता. खोलीतल्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात तो त्या फिरवत असे. मी ती पूड पांढऱ्या कागदावर पसरली, तेव्हा पिठासारखी धूळ आणि मोहरीएवढे तुकडे शेजारी शेजारी दिसले. पात्याने बिया कशाही तुटतात. धुळीतून नको तेवढा अर्क उतरून कडवटपणा येतो, तर मोठे तुकडे अर्धवट भिजून आंबट राहतात. त्यामुळे भिजवण्याची वेळ कितीही बदलली तरी दोन्ही दोष एकदम जात नाहीत. दोन दातेरी चक्क्यांमध्ये बी भरडणारा हातग्राइंडर घेतल्यावर ते गेले. तो परवडत नसेल, तर दुकानातूनच फ्रेंच प्रेससाठी जाडसर दळून घ्यावे, मात्र एका वेळी 100 ग्रॅमच.

चमच्याने मोजणे ही पुढची चूक आहे, कारण हलक्या आणि गडद भाजलेल्या बियांचे वजन एकाच चमच्यात वेगवेगळे भरते. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. भाचा आता 15 ग्रॅम जाडसर पुडीवर उकळी बसलेले 240 ग्रॅम पाणी ओततो, 4 मिनिटांनी वर तरंगणारा पुडीचा थर चमच्याने मोडतो, थोडे थांबतो आणि मग जाळी हलकेच दाबतो. कप आंबट व पातळ लागला तर दळण थोडे बारीक करावे. कडू लागून जीभ कोरडी पडली तर जाडसर करावे. एका वेळी दळणच बदलावे, वजन आणि वेळ तशीच ठेवावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते.

इतके करूनही चव बोथट राहिली, तर किटलीच्या तळाशी पाहावे. इमारतीला बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल, तर तिथे पांढरा थर धरलेला दिसतो. अशा वेळी दुसरीकडचे मऊ पाणी आणून एक कप करून पाहावा. लांब, बारीक चोचीची महाग किटली फ्रेंच प्रेसला लागतच नाही.